जुनं शिप्र सूत्र आणि तयार बाटलीतला ०.१ टक्का ओकमॉस

प्रश्न: हौसेखातर परफ्यूम बनवतो. एका जुन्या शिप्र, म्हणजे वर बर्गमॉट आणि तळाला ओकमॉस असलेल्या सुगंधाच्या, सूत्रात ओकमॉस ४ टक्के, बर्गमॉट २२ टक्के आणि लिंबाचं तेल ४ टक्के आहे. हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे सगळ्या सुगंधी पदार्थांचं मिश्रण, अल्कोहोलमध्ये १५ टक्के घालायचा विचार आहे. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर ओकमॉसपुढे ‘श्रेणी ४ : ०.१ टक्का’ असं लिहिलंय. म्हणजे माझं सूत्र चाळीस पट जास्त? मग पूर्वीचे लोक वापरत होते ते काय विषारी होतं? आणि मर्यादा पाळून तोच वास आणता येतो का?

उत्तर:

चाळीस पट नाही, सहा पट. कागदावरचा ०.१ टक्का हा कॉन्सन्ट्रेटमधला नसतो, अंगावर फवारल्या जाणाऱ्या तयार मालातला असतो. तुमच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ४ टक्के ओकमॉस आहे आणि ते कॉन्सन्ट्रेट बाटलीत १५ टक्के जाणार आहे, म्हणजे बाटलीत ओकमॉस उरतं ४ च्या १५ टक्के, म्हणजे ०.६ टक्के. हा एक हिशोब पक्का बसला की पुढचं सगळं सोपं होतं. नवशिक्यांच्या निम्म्याहून अधिक चुका मी इथेच पाहिल्या आहेत, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. कुणी कॉन्सन्ट्रेटलाच ०.१ वर आणून वासाचा जीव घेतो, तर कुणी ‘पुढे पातळ होणारच आहे’ म्हणून मोजतच नाही.

सध्या आपल्याला उलटा हिशोब हवाय. बाटलीत ०.१ चालतं आणि कॉन्सन्ट्रेट १५ टक्के आहे, तर कॉन्सन्ट्रेटमध्ये ०.१ भागिले ०.१५, म्हणजे साधारण ०.६७ टक्के ओकमॉस बसेल. चारावरून पाऊणाच्याही खाली. यात ट्रीमॉस, म्हणजे देवदार-पाइनच्या झाडांवरचं तसलंच दगडफूल, वेगळं धरता येत नाही. दोन्ही मिळून ०.१ टक्का. ‘ओकमॉस कमी केलं आणि उरलेलं ट्रीमॉसने भरलं’ ही युक्ती म्हणून चालत नाही.

ओकमॉसची ही काटछाट तुम्हाला दिसली, पण या सूत्रात त्याहून मोठी अडचण बर्गमॉटची आहे. तिच्याकडे येतोच. आधी हे आकडे येतात कुठून ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही हे कळत नाही.

मर्यादा ठरवणारी संस्था म्हणजे इफ्रा, सुगंध उद्योगाचीच आंतरराष्ट्रीय संघटना. स्थापना १९७३ ची. तिला लागणारा शास्त्रीय अभ्यास रिफ्म ही संशोधन संस्था करते, ती १९६६ पासून आहे. इफ्राचे नियम तीन प्रकारचे : काही पदार्थ पूर्ण बंद, काही ठरावीक टक्केवारीपर्यंत चालतात, आणि काही फक्त ठरावीक शुद्धतेचे असले तरच चालतात. ओकमॉसला दुसरा आणि तिसरा असे दोन्ही नियम लागू आहेत. इफ्रा म्हणजे सरकार नव्हे, नियम सभासद कंपन्यांवर बंधनकारक आहेत. पण सुगंध विकत घेणारा प्रत्येक मोठा ब्रँड इफ्राचं प्रमाणपत्र मागतो, त्यामुळे व्यवहारात ते कायद्यासारखेच चालतात. युरोपीय संघाचा सौंदर्यप्रसाधनांचा कायदा याखेरीज आहे, आणि तो मात्र खराखुरा कायदा आहे. फक्त स्वतःच्या अंगावर फवारण्यासाठी बनवत असाल तर तुम्हाला कुणी अडवणार नाही. मित्रमैत्रिणींना वाटणार असाल, त्याहून म्हणजे विकणार असाल, तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

आता ‘विषारी’ या शब्दाबद्दल. ओकमॉस विषारी नाही. ते ॲलर्जी लावतं, आणि ॲलर्जीचा हिशोब विषासारखा नसतो. ओकच्या झाडावर वाढणारं हे दगडफूल आहे, शास्त्रीय नाव एव्हर्निया प्रुनास्ट्री. त्यात ॲट्रानोरिन आणि क्लोरोॲट्रानोरिन असे दोन पदार्थ असतात. त्याचा अर्क काढताना ते तुटतात आणि ॲट्रानोल व क्लोरोॲट्रानोल तयार होतात. हे दोन्ही रेणू छोटे आहेत, कातडीत सहज शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. मग शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जोडगोळीला परकी समजून तिची ओळख कायमची लक्षात ठेवते. क्लोरोॲट्रानोल तर इतका तापट आहे, की एकदा ॲलर्जी लागलेल्या माणसाला दशलक्षात काही भाग एवढ्या मात्रेनेही चट्टे उठतात.

इथे दोन टप्पे वेगळे ठेवा. पहिल्या टप्प्यात शरीर ओळख करून घेतं. बाहेर काहीच दिसत नाही, खाज नाही, लाली नाही. दुसऱ्या टप्प्यात, कदाचित महिन्या-वर्षानंतर, तोच पदार्थ लागला की एक-दोन दिवसांत इसब उठतं. इफ्राची मर्यादा पहिला टप्पा होऊ नये म्हणून असते. ज्याला आधीच ॲलर्जी झालेली आहे, त्याला ती वाचवू शकेलच असं नाही. त्याच्यासाठी लेबलवर घटकाचं नाव लिहिणं हा उपाय, आणि ते युरोपीय कायद्याने बंधनकारक आहे : अंगावर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्याच्या वर, धुऊन जाणाऱ्या मालात ०.०१ टक्क्याच्या वर. ‘मी वीस वर्षं हाच परफ्यूम लावतो, मला कधी काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच कामाचा नाही. एका माणसाचा अनुभव पहिल्या टप्प्याबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या प्रश्नातल्या ‘पूर्वीच्या लोकां’चं उत्तरही हेच. बहुतेकांना काही झालं नाही, काहींना झालं, आणि कशामुळे झालं हे त्यांना कळलंही नाही.

आकडा काढायची रीत साधारण अशी आहे. प्राण्यांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून, आणि शंभरेक स्वयंसेवकांच्या पाठीवर पुन्हा पुन्हा पट्टी लावून, कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅमपर्यंत ॲलर्जी लागत नाही हे ठरवतात. मग त्याला सुरक्षिततेच्या भाजकांनी भागतात : माणसामाणसांत फरक असतो, काखेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा हळवी असते, माल रोज लागतो, दाढी केल्यावर लागतो वगैरे. समजा एखाद्या काल्पनिक पदार्थाचा आकडा १,००० मायक्रोग्रॅम आला आणि भाजक १०० धरला, तर दिवसाला चौरस सेंटिमीटरवर १० मायक्रोग्रॅम चालतील. परफ्यूम फवारला की चौरस सेंटिमीटरवर साधारण २.२ मिलिग्रॅम, म्हणजे २,२०० मायक्रोग्रॅम द्रव पडतो असं धरलं, तर १० भागिले २,२०० म्हणजे ०.४५ टक्के ही त्या पदार्थाची परफ्यूममधली मर्यादा. आजची रीत याहून गुंतागुंतीची आहे, कारण इफ्राच्या नियमांच्या २०२० मधल्या ४९व्या सुधारणेपासून एकाच माणसाच्या अंगावर साबण, लोशन, डिओ आणि परफ्यूम या सगळ्यांतून तोच पदार्थ किती येतो याची बेरीजही धरतात. गाभा मात्र हाच आहे.

श्रेण्या यातूनच आल्या. श्रेणी ४ म्हणजे अंगावर लावायचा अल्कोहोलमधला परफ्यूम. श्रेणी १ ओठांची, श्रेणी २ काखेची, श्रेणी ५ लोशन-क्रीमची, श्रेणी ९ धुऊन जाणाऱ्या साबण-शाम्पूची, श्रेणी १२ मेणबत्तीसारख्या, कातडीला जवळजवळ न लागणाऱ्या गोष्टींची. तोच सुगंध, पण आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा. ‘इफ्रामान्य सुगंध’ असं कुणी विकत असेल तर पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या श्रेणीसाठी आणि किती टक्क्यांपर्यंत? हे दोन आकडे नसतील तर ते प्रमाणपत्र नुसता कागद आहे.

ओकमॉसचा दुसरा नियम शुद्धतेचा. अर्कात ॲट्रानोल आणि क्लोरोॲट्रानोल प्रत्येकी दशलक्षात १०० भागांपेक्षा कमी हवेत. युरोपने तर २०१७ च्या नियमाने हे दोन्ही पदार्थ, आणि त्यांच्या जोडीला लायरल नावाने विकला जाणारा लिली-ऑफ-द-व्हॅलीच्या वासाचा पदार्थ, बंदच केले. ऑगस्ट २०१९ पासून असा नवा माल बाजारात आणता येत नाही आणि ऑगस्ट २०२१ पासून जुना साठाही विकता येत नाही. त्यामुळे तुमच्याकडे एखाद्या जुन्या कुपीत दाट हिरवा-काळा ओकमॉस ॲब्सोल्यूट असेल, तर टक्केवारी पाळूनही तो नियमात बसत नाही. आज मिळतो तो कमी-ॲट्रानोलचा, प्रक्रिया केलेला. विक्रेत्याकडून त्या खेपेचं विश्लेषणपत्र मागा आणि त्यात या दोन्ही नावांपुढे आकडा आहे ना, ते बघा. नुसतं ‘नियमानुसार’ असं लिहिलेलं पुरेसं नाही.

प्रक्रियेत वासाचं नुकसान होतं, हे कबूल करायला हवं. जुन्या ओकमॉसमध्ये ओलं खोड, शाई, चामडं आणि थोडं समुद्राच्या गवतासारखं खारटपण असं सगळं एकदम यायचं. नव्यात खोड आणि शाई राहते, मागची गोडसर खोली विरळ होते. बरं किंवा वाईट म्हणण्यापेक्षा तो वेगळा कच्चा माल आहे असं समजून वापरलेला बरा.

आता बर्गमॉट. इथे ॲलर्जीचा संबंध नाही, उन्हाचा आहे. साल दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन नावाचा फ्युरोकुमारिन असतो. तो कातडीत शिरलेला असताना ऊन लागलं की तो अतिनील किरणं शोषतो आणि पेशींना इजा करतो. आधी भाजल्यासारखी लाली, कधी फोड, आणि मग तपकिरी डाग, जे महिनोन्महिने जात नाहीत. मानेवर परफ्यूमचा ओघळ जिथून गेला तिथे लोलकासारखा डाग पडतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याला लोलक या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून बर्लोक असंच नाव आहे. ॲलर्जी काही जणांनाच होते. हे मात्र मात्रा पुरेशी असेल आणि ऊन असेल तर कुणालाही होऊ शकतं, पहिल्याच वेळी.

म्हणून अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागू शकणाऱ्या मालात दाबून काढलेल्या बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के आहे. तुमच्या सूत्रात २२ टक्के, बाटलीत ३.३ टक्के. आठ पटीहून जास्त. साबणात हेच तेल बिनधास्त चालतं, कारण ते धुऊन जातं.

आणि हे एकट्या बर्गमॉटचं नाही. प्रकाशामुळे इजा करणाऱ्या सगळ्या तेलांची बेरीज करायची असते. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाची मर्यादा २ टक्के आहे, ग्रेपफ्रूटची ४, कडू संत्र्याची १.२५, दाबून काढलेल्या लाइमची ०.७, अँजेलिका मुळाची ०.८, जिऱ्याच्या तेलाची ०.४. प्रत्येकाने आपल्या मर्यादेचा किती टक्के भाग खाल्ला ते काढायचं आणि सगळ्यांची बेरीज १०० च्या आत ठेवायची. याखेरीज तयार मालात एकूण बर्गाप्टेन दशलक्षात १५ भागांच्या वर जाता कामा नये.

कुणी म्हणेल, मग कॉन्सन्ट्रेटच कमी घाला, सूत्राला हात लावू नका. करून पाहू. ओकमॉससाठी : ०.१ भागिले ०.०४, म्हणजे २.५ टक्के कॉन्सन्ट्रेट. बर्गमॉट आणि लिंबू एकत्र धरले तर त्याहून कमी : एक टक्का कॉन्सन्ट्रेटमागे बाटलीत ०.२२ टक्के बर्गमॉट येतं, ते मर्यादेच्या ५५ टक्के, आणि ०.०४ टक्के लिंबू येतं, ते २ टक्के. मिळून ५७. म्हणजे शंभराच्या आत राहायचं तर कॉन्सन्ट्रेट १.७५ टक्क्यापर्यंतच. ते परफ्यूम न राहता आंघोळीनंतर शिंपडायचं पाणी होईल, आणि शिप्रचा जो तळ तासन्‌तास टिकायला हवा तो अर्ध्या तासात विरेल. त्यामुळे सूत्र बदलण्याला पर्याय नाही.

बर्गमॉटचा उपाय सुदैवाने चांगला आहे. फ्युरोकुमारिन काढून टाकलेलं बर्गमॉट मिळतं, विक्रेत्यांच्या यादीत त्यापुढे एफसीएफ लिहिलेलं असतं. वास मूळच्या अगदी जवळ जातो, फक्त सालीचा तो किंचित कडसर, हिरवट दाणा कमी होतो. माझी सवय अशी, की बहुतेक भाग एफसीएफचा आणि त्यावर थोडं दाबून काढलेलं तेल. पहिल्या फटक्यात मी तुमच्यासाठी लिहिलं असतं : एफसीएफ २०, दाबून काढलेलं २, लिंबू आहे तसं ४. आता तपासा. बाटलीत दाबलेलं बर्गमॉट २ च्या १५ टक्के म्हणजे ०.३, मर्यादेचे ७५ टक्के. लिंबू ०.६, मर्यादेचे ३० टक्के. बेरीज १०५. दोन्ही तेलं आपापल्या मर्यादेत आहेत आणि तरी मिश्रण बाहेर आहे. अशा ठिकाणी माणूस फसतो, कारण प्रत्येक ओळ वेगळी तपासली की सगळं हिरवं दिसतं.

दाबलेलं बर्गमॉट १.५ केलं तर बाटलीत ०.२२५ टक्के, मर्यादेचे ५६. लिंबाचे ३० धरून ८६. हे चालेल. लिंबू जास्त हवं असेल तर वाफेने काढलेलं घ्या, त्यात फ्युरोकुमारिन जवळजवळ येत नाहीत, पण वास थोडा सपाट, गोळीसारखा लागतो. मी तरी सालीचं लिंबू ठेवेन.

ओकमॉसच्या जागी काय, हे खरं कौशल्याचं काम. कॉन्सन्ट्रेटमध्ये कमी-ॲट्रानोलचं ओकमॉस ०.६ ठेवा. त्याच्या खाली एव्हर्निल २.५ टक्के. हाच पदार्थ व्हेरामॉस नावानेही विकतात. ही पांढरी स्फटिकाची पूड असते, ओकमॉसच्या वासातला एक मुख्य घटक कृत्रिमरीत्या बनवलेला. एकटी हुंगली तर निराश व्हाल : कोरडी, पुडीसारखी, थोडी लाकडी, आणि नाकाला पटकन जाणवतही नाही. पण कातडीवर टिकते खूप आणि खऱ्या ओकमॉसच्या थेंबाभोवती भिंतीसारखी उभी राहते. जी खोली गेली ती भरायला पॅचुली एक-दीड टक्क्याने वाढवा, लॅब्डॅनम थोडं वाढवा, चामड्याच्या छटेसाठी आयसोब्युटिल क्विनोलिन ०.०५ टक्के. क्विनोलिनमध्ये हात आखडा. ०.२ झालं की सगळा परफ्यूम चपलेच्या दुकानासारखा वास मारतो. समुद्री शेवाळाचं ॲब्सोल्यूट मिळालं तर त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण करून थेंबाथेंबाने घाला, खारटपणा तिथून येतो.

हे सगळं कागदावर बसलं तरी प्रत्यक्षात घसरण्याच्या दोन जागा आहेत.

पहिली, वजनाची. इफ्राचे सगळे टक्के वजनाचे आहेत. हौशी मंडळी मोजपात्राने १५ मिलिलिटर कॉन्सन्ट्रेट आणि ८५ मिलिलिटर अल्कोहोल ओततात आणि त्याला १५ टक्के म्हणतात. अल्कोहोल हलकं असतं. कॉन्सन्ट्रेटची घनता ०.९५ धरली तर १५ मिलिलिटरचे १४.२५ ग्रॅम होतात. अल्कोहोलची घनता ०.८१ धरली तर ८५ मिलिलिटरचे सुमारे ६८.९ ग्रॅम. एकूण ८३.१ ग्रॅम, त्यात कॉन्सन्ट्रेट १४.२५, म्हणजे १७ टक्क्यांहून थोडं जास्त. आता वरचं ०.६ टक्के ओकमॉस बाटलीत ०.०९ न राहता ०.१०३ झालं, मर्यादेबाहेर. लिंबू-बर्गमॉटची ८६ ची बेरीजही ९९ च्या घरात गेली. म्हणून दोन गोष्टी करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि बाटलीसुद्धा काट्यावरच भरा. आणि ओकमॉस ०.६ ऐवजी ०.५ वरच ठेवा, म्हणजे चुकलंच तर चुकायला जागा राहील.

याच माळेत अजून एक : ओकमॉस इतकं दाट असतं की विक्रेते ते बऱ्याचदा ५० किंवा १० टक्क्यांच्या द्रावणात देतात. ५० टक्क्यांचं द्रावण ०.५ ग्रॅम घातलंत तर ओकमॉस ०.२५ च गेलं, आणि मग ‘एवढं घालूनही वास का येत नाही’ म्हणून माणूस हात सैल सोडतो. उलटही होतं, सूत्रात द्रावणाचा आकडा लिहिलेला असतो आणि शुद्ध माल तेवढाच ओतला जातो. वहीत प्रत्येक पदार्थापुढे द्रावणाची ताकद लिहा.

दुसरी जागा, ताकद बदलण्याची. हे माझ्यावर बेतलेलं. एका ग्राहकासाठी १२ टक्क्यांचा शिप्र केला होता, कॉन्सन्ट्रेटमध्ये ओकमॉस ०.७५. बाटलीत ०.०९, कागद स्वच्छ. काही महिन्यांनी त्यांनी तेच कॉन्सन्ट्रेट ‘जास्त गडद आवृत्ती’ म्हणून २० टक्क्यांनी भरलं आणि माझंच जुनं प्रमाणपत्र पुढे केलं. २० टक्क्यांना ओकमॉस ०.१५ होतं. प्रमाणपत्रावर कमाल १२ टक्के असं लिहिलं होतं, पण तो आकडा कुणी वाचलाच नव्हता. भरलेल्या बाटल्या बाजूला काढाव्या लागल्या. त्यानंतर मी कॉन्सन्ट्रेटच्या डब्यावरच मोठ्या अक्षरात लिहितो : श्रेणी ४, कमाल इतके टक्के. पुढे त्याच ग्राहकाने ते डिओमध्ये घालायचं ठरवलं तेव्हा डब्यावरची ‘श्रेणी ४’ वाचून आधी विचारलं, कारण काखेच्या मालाची श्रेणी वेगळी आणि आकडे कडक.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. तुमच्या सूत्रात तयार बेस असतील, म्हणजे ‘जाई बेस’, ‘कार्नेशन बेस’ अशा नावाने मिळणारी मिश्रणं, तर त्यांच्या पोटात काय आहे ते विक्रेत्याकडून घ्या. कार्नेशनच्या बेसमध्ये युजेनॉल-आयसोयुजेनॉल असणारच, आणि तेच पदार्थ थोड्या प्रमाणात इलँग-इलँग किंवा लवंगेच्या तेलातूनही येतात. मर्यादा पदार्थाला असते, तो कुठल्या बाटलीतून आला याला नाही. गुलाबाच्या तेलातलं मिथाइल युजेनॉलही असंच लपून येतं. ते नैसर्गिक आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही.

तर मग तोच वास येईल का? पहिली वीस मिनिटं तुम्हाला फरक ओळखता येणार नाही, कारण ती बर्गमॉटची असतात आणि एफसीएफ तिथे कमी पडत नाही. फरक तिसऱ्या-चौथ्या तासाला दिसतो. जुन्या सूत्रात तिथे ओलसर, काळसर असा एक तळ उघडायचा. नव्यात तो तळ असतो, पण कोरडा आणि थोडा उजळ. चार आठवडे बाटली अंधारात मुरू द्या, एव्हर्निलला बसायला वेळ लागतो. मग कागदाच्या पट्टीवर न हुंगता हातावर लावून सहाव्या तासाला हुंगा. कोरडेपणा तेव्हाही खटकत असेल तर ओकमॉसकडे हात नेऊ नका. पॅचुली अर्धा टक्का वाढवा आणि एव्हर्निल तेवढंच कमी करा. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा दोष एव्हर्निल जास्त झाल्याचा असतो.